मनाईहुकमातली कोरी जागा

भोकरदनच्या कोर्टात मी वकिली सुरू केली तेव्हा माझं इंग्रजी बरं आहे अशी बातमी माझ्या आधी पोचली होती. परिणाम असा की बाररूममधले सगळे इंग्रजी आदेश मराठी करायला माझ्याकडे. पुरुष वकील युक्तिवाद करणार आणि ही बाई भाषांतरं करणार. चहा तेवढा मागत नव्हते, हे उपकारच.

त्यातलंच हे एक प्रकरण. राजूरजवळच्या एका गावातल्या मावशींची मोसंबीची बाग होती. नवरा गेलेला, विहीर चुलत दिराबरोबर सामाईक. ठरलेल्या दिवशी यांची पाणीपाळी, बाकीच्या दिवशी त्याची, असं सासऱ्याच्या काळापासून चाललेलं. ऐन उन्हाळ्यात दिरानं मोटरच्या पेटीला कुलूप ठोकलं आणि वर स्वतःच्या नव्या शेताकडं पाइपलाइनही नेली. माझ्या सीनियरांनी दावा लावला आणि सोबत मनाईहुकमाचा अर्ज दिला. तो अंशतः मंजूर झाला. आदेशाची नक्कल हातात पडली तेव्हा मावशी एवढंच म्हणाल्या, "बाई, मराठीत करून द्या. पारावर वाचायचंय. बाग जळून राह्यली."

आता अंतरिम आदेश हा प्रकार कसा असतो ते सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आधी न्यायाधीश लिहितात की वादी काय म्हणते. मग प्रतिवादी काय म्हणतो. मग प्रथमदर्शनी कुणाचं खरं वाटतं, हुकूम दिला तर कुणाची गैरसोय जास्त, न दिला तर कुणाचं भरून न येणारं नुकसान होईल. ही झाली कारणं, पानंच्या पानं. आणि सगळ्यात शेवटी चार ओळी, ज्यांच्यासाठी हा खटाटोप: कुणी काय करायचं आणि काय करायचं नाही. पाळायच्या असतात त्या तेवढ्याच ओळी.

म्हणून मी जिवाचा आटापिटा करून दोन्ही वेगळं ठेवलं. प्रतिवादीच्या म्हणण्यातल्या प्रत्येक वाक्याला "प्रतिवादीचे म्हणणे असे की" लावलं. कारणं संपली तिथं अर्धं पान कोरं सोडलं आणि नव्या पानावर, मथळ्याखाली, आकडे घालून आदेश लिहिला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादीने वा त्याच्या माणसांनी वादीला तिच्या पाणीपाळीत सामाईक विहिरीचे पाणी घेण्यास अडथळा करू नये. पाइपलाइन काढण्याची मागणी नामंजूर. खर्चाचे दाव्याच्या निकालासोबत पाहू. वाचल्यावर शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

कागद कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकाकांकडे दिले. काकांची हयात खरेदीखतं टाइप करण्यात गेलेली. ते एकदा टाइप करायला बसले की मान वर करत नसत. मी दुसऱ्या कोर्टात अडकले, मावशींची एसटी निघायला आली, आणि काकांनी कागद परस्पर त्यांच्या हातात दिले.

पुढच्या बाजारच्या दिवशी मावशी बाररूमच्या दारात उभ्या.

"काय लिहून देलं बाई तुम्ही? गुरुजीनं पारावर वाचलं. त्यात लिहिलंय म्हने माझा हिरीत हिस्साच न्हाई! दीर टाळ्या पिटीत घरी गेला. माझा पोरगा म्हनतो, कोर्टानं पाइप बी बेकायदा म्हनलंय, मी उखडूनच टाकतो. कसंबसं धरून ठिवलंय त्याला. अन् कुलूप हाय तिथंच हाय."

मी कागद ओढून घेतले. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकच परिच्छेद! मथळा गायब, आकडे गायब, कोरी जागा गायब. "प्रतिवादीचे म्हणणे असे की" एकदाच, वर कुठेतरी, बाकीचे पुनरुक्ती म्हणून उडवलेले. पोथीसारखं सलग वाचलं की प्रत्येक वाक्य कोर्टाच्याच तोंडचं वाटावं. ज्याला जे हवं ते त्यानं उचललं होतं. दिरानं स्वतःचंच म्हणणं हुकूम म्हणून ऐकलं आणि पोरानं न्यायाधीशांचा प्राथमिक अंदाज.

मी तडक काकांच्या टेबलावर जाऊन आदळले. त्यांच्यावर ढिम्म परिणाम नाही.

"बाई, कोरी जागा सोडत असतेत का कुठं? उद्या कुनीबी मधी काहीबी घुसडंल. तीस वर्षं झाले, माझ्या कागदात बोटभर जागा घावणार न्हाई."

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. खरेदीखतात ही गोष्ट बरोबर होती, म्हणूनच जास्त राग आला. चुकीच्या माणसावर ओरडता येतं; चुकीच्या ठिकाणी बरोबर असलेल्या माणसाचं काय करायचं? सीनियरांकडे गेले तर ते पान लावता लावता म्हणाले, "आज्ञाभंगाचा अर्ज टाकू की." टाकला असता. तारीख पडली असती, मग पुढची तारीख, आणि तोवर बागेचं सरपण झालं असतं.

शेवटी मीच काकांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. कोरी जागा सोडायची, पण तिच्यावर वरून खाली तिरकी रेघ मारायची, म्हणजे कुणाला काही घुसडता येणार नाही. काकांना हे पटलं. "मंग असं म्हना ना," असं वर मलाच सुनावलं. आदेशाचं पान सुटं, स्वच्छ निघालं.

मावशींना ते वाचून दाखवलं. त्यांनी पान हातात घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे पाइप राहणारच?"

"सध्या राहणार. झालेलं काम निकालाआधी मोडायला कोर्ट सहसा सांगत नाही."

"पन मागं लिहिलंय की, त्यानं न इचारता पाइप नेला म्हनून. तेवढं एक वाक्य ह्या पानावर घ्या ना बाई. टाइप तर तुमच्याच म्होरं हाय."

देवा! दिवसभर जे वेगळं करायला घसा फोडला तेच माझ्या अशिलाला एकत्र हवं होतं. मी चिडून म्हणाले, "मावशी, ते वाक्य इकडं आलं की तुमचा पोरगा पाइप उखडणार आणि दीर तुमच्यावरच फिर्याद करणार. मग पाळीही जाईल." त्या पान पिशवीत कोंबून निघून गेल्या. रागावल्या असाव्यात.

पारावर काय झालं ते पुढे त्यांनीच सांगितलं. गुरुजींना म्हणाल्या, हे पान आधी वाचा. गुरुजींनी वाचलं. दीर म्हणाला, "अन् वैनी, मागच्या पानांवर काय हाय? त्यात माझं बी हाय की." पोरगा तावातावानं उठला, पाइपचं वाक्य त्याला तोंडपाठ होतं. मावशींनी त्याला खाली बसवलं.

"मागं त्याचं बी हाय अन् आपलं बी हाय. ते कारनं हायेत. हुकूम येवढाच."

गुरुजींनी पान पुन्हा वाचलं. सगळं गाव ऐकत होतं. दिरानं किल्ली काढून पारावर ठेवली.

रस्त्याकडची झाडांची ओळ तोवर वाळून गेली होती. पुढे त्या बागेत गेले तेव्हा मावशींनी मला आधी तिकडंच नेलं. "त्या आठ दिसात गेली ही," म्हणाल्या, आणि हिरव्या झाडांवरची मोसंबी काढायला वळल्या.