दहा बाय अठराच्या कॅफेचा नकाशा

सरकारी खात्यात मी तीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढले. पाणी कुठं वळणार, हे मी कागदावर इतकं झोकात दाखवायचो की प्रत्यक्षात ते आलं नाही तरी नकाशाला कुणी नावं ठेवत नसे. त्यामुळं धाकट्या बहिणीनं पुंडलिकनगरात कोपऱ्यावरचा दहा बाय अठरा फुटांचा गाळा कॅफेसाठी भाड्यानं घेतला, तेव्हा आतली मांडणी ठरवायचा मान माझ्याकडे आला. म्हणजे मी तो घेतला. तिनं दिलेला नव्हता.

बारा वर्षं ती घरून थालीपीठं, कटलेट, सँडविच करून डब्यांतून पाठवत होती. आपला पदार्थ गार होऊन लोकांपुढं जातो, याचं तिला फार वाईट वाटायचं. स्वतःच्या ओट्यापाशी उभं राहून समोरच्याला गरम खायला घालायचं, एवढंच तिला हवं होतं.

आमची बैठक तिच्याच घरी बसली. ती आत चहा करत होती. तिचे सासरे मूळचे पिशोर गावचे. शेत पोरांवर सोपवून इथं आलेले, आणि आल्यापासून बसायला चांगली जागा शोधणारे. त्यांनी कागदावर गाळ्याच्या ऐन कोपऱ्यावर बोट ठेवलं. "माझी खुर्ची इथं. दोन्हीकडचे रस्ते दिसतात." मी काढली. दाजींना गल्ला हवा होता, मागं फिरती खुर्ची, शेजारी मित्रांसाठी टेबल. तेही काढलं. मग मी सोळा खुर्च्या मांडल्या, कारण बारा मांडल्यावर कागद उघडा दिसत होता. उरलेल्या मागच्या भागात सात बाय चारचं स्वयंपाकघर आणि बाजूला तीन फुटांची कोठी बसली. पिठासाखरेची पोती माळ्यावर टाकली. स्वयंपाकघर मी हिरव्या रंगानं रंगवलं. कालवे निळे असायचे, तेवढाच बदल.

बहीण चहा घेऊन आली, कागदाकडं बघत उभी राहिली. "दादा, फ्रिजचं दार कुणीकडं उघडतंय?"

"ते गवंडी बघतो," मी म्हणालो. तीस वर्षं मी असंच म्हणत आलो होतो.

ओटा बांधायच्या दिवशी आम्ही सगळे गाळ्यात जमलो. गवंड्यानं माझ्या मापानं फरशीवर खडूच्या रेघा मारल्या. बहिणीनं नव्या फ्रिजचं रिकामं खोकं ओट्यासमोरच्या भिंतीला, नकाशात होतं तिथं लावलं, घरून आणलेली परात हातात धरली आणि रेघांच्या आत गेली. चार फुटांतले दोन ओट्यानं खाल्ले होते आणि उरलेल्या दोनांत खोकं घुसलं होतं. तिनं खोक्याचं झाकण दारासारखं उघडलं, ते ओट्याच्या रेघेला टेकायच्या आधीच तिच्या पोटाला लागलं. वळायला गेली तर परात भिंतीला. बशा धुवायची जागा मी पार पलीकडं दाखवली होती, म्हणजे उष्टं सगळं तिच्या पोळपाटावरून जाणार.

"मी उभी कुठं राहू?" तिनं विचारलं.

गवंडी म्हणाला, "ताई, खुर्च्या लई हायेत. उभं राहायला नाय दावलं."

"थोडं ॲडजस्ट होईल," मी म्हणालो. मला आजही त्या वाक्याची लाज वाटते.

तिनं गवंड्याच्या हातातला खडू घेतला, ओल्या फडक्यानं सासऱ्यांच्या खुर्चीची रेघ पुसली आणि तिथं दोन्ही रस्त्यांकडं तोंड करून काउंटर काढला. त्याच्या मागं तीन फूट वाट सोडून ओटा, म्हणजे एकानं वळावं आणि दुसऱ्यानं मागून जावं. फ्रिज ओट्याच्या टोकाला, दार भिंतीकडं उघडणारं. बशा धुवायची जागा मागं, नालीजवळ, पदार्थाच्या वाटेत न येणारी. पोती खाली फळीवर, माळ्यावर फक्त कागदी कप. सिलिंडर भिंतीबाहेर जाळीच्या पेटीत. गल्ला काउंटरच्या खणात गेला. खुर्च्या आठ उरल्या आणि उभ्यानं चहा पिणाऱ्यांसाठी भिंतीला एक अरुंद फळी.

"मंग आम्ही कुठं बसायचं?" सासरे म्हणाले.

"या की मामा. आठ खुर्च्या हायेत. चहा झाला की तेवढं उठा, मागचे लोक उभे राहतेत."

दाजींनी मोबाइल काढून त्यात डोकं घातलं. मला तिचा अभिमान वाटला, आणि रागही आला, कारण तिची मांडणी माझ्याहून चांगली होती.

नकाशाची गुंडाळी काखेत मारून मी घरी आलो. बायको फ्रिजमधून दूध काढत होती. आमच्या स्वयंपाकघरात फ्रिज उघडायचा तर आधी बाहेर पॅसेजमध्ये यावं लागतं, दार ओढावं लागतं, मग तिरकं होऊन आत हात घालावा लागतो. एकोणीस वर्षं ती हे करत होती. त्या घराचा नकाशाही मीच काढलेला.

"तुला इथं अडचण होते का गं?" मी विचारलं.

तिनं दूध ओट्यावर ठेवलं, पुन्हा बाहेर आली, फ्रिजचं दार लावलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्हाला बरं वाटत नाही का?"