टी.सी. कुठे द्यायची आहे?

आमच्या घरात आजवर कोणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि तो अर्जही दुसऱ्याकडूनच लिहून घेतलेला असायचा. त्यामुळे मी आठवणी लिहायला बसलोय हे जरा आगाऊपणाचं वाटतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. गोष्टही लहानच आहे, कॉलेजच्या ऑफिसमधल्या एका मेसेजची.

मी फैजपूरजवळच्या खेड्यातला. जळगावला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना 'कमवा आणि शिका'मध्ये मला ऑफिसात काम मिळालं. ऑफिसचा मोबाईल माझ्याकडे असायचा. विद्यार्थी त्यावर कागद मागायचे आणि मी हेडक्लार्कना विचारून उत्तर द्यायचो. हेडक्लार्कना सगळे नानाच म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात एका मुलाने बोनाफाईड मागितलं. बसच्या पाससाठी वेगळं, शिष्यवृत्तीसाठी वेगळं, म्हणून मी विचारलं, 'बोनाफाईड का पाहिजे? कारण कळवा.' त्याचं उत्तर आलं, 'सर माझ्याकडून काही चूक झाली का?' मग तो दोन दिवस ऑफिसकडे फिरकलाच नाही. नाना चहा पिताना म्हणाले, "तू काय पोलीस पाटील आहेस का रे? पोरगा आता गाव सोडून जाईल." मी तेव्हापासून विचारणंच सोडून दिलं. जो जे मागेल ते द्यायचं.

जूनच्या शेवटी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. प्रोफाइलच्या फोटोत पांढरी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ होते. खाली मुलीचं नाव, बी.एस्सी. पहिलं वर्ष, आणि एकच ओळ: 'सर माझी टी.सी. पाहिजे. लवकर.' रजिस्टरमध्ये पाहिलं तर गाव पिंपळनेरच्या पुढचं.

नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पोरीने टी.सी. मागितली म्हणजे लग्न. आठ दिवसांत पत्रिका येते बघ. तयार करून ठेव, उद्यापरवा येईल, अर्जावर सही करून घेऊन जाईल."

"नाना, विचारू का कशाला पाहिजे ते?"

"विचार की. मागच्या वेळी एक पळवलास, आता हिला पळव."

पण टी.सी. तयार करायला माझा हात पुढे जाईना. टी.सी. एकदा दिली की इथला प्रवेश रद्द. जागा भरली तर परत घेता येत नाही. आणि पुष्कळदा मुलांना ती लागतच नाही. त्यांनी प्रवेश घेताना बारावीची टी.सी. आमच्याकडे जमा केलेली असते. कुठे नुसता अर्ज भरायचा असेल, तर तिची प्राचार्यांच्या सहीची प्रत चालते. दोन्ही उत्तरं बरोबर होती. कोणतं द्यायचं, ते ती मुलगी कागद कुठे नेणार यावर होतं. आणि ते तर मला विचारता येत नव्हतं.

मी लिहिलं, 'टी.सी. का काढताय?' पुसलं. 'काही अडचण आहे का?' तेही पुसलं. फोन वडिलांचा दिसत होता, घरात कोण वाचेल कुणास ठाऊक. लग्न असेल तर मी कोण विचारणारा? आणि लग्न नसेल, तर तशी शंका घेणारा मी कोण?

तेव्हा मला आमच्या फैजपूरचा दोरीवाला आठवला. लहानपणी वडील मला त्याच्याकडे दोरी आणायला पाठवायचे. "काका, दोरी द्या," म्हटलं की तो कधी 'कशाला पाहिजे' म्हणायचा नाही. दोन बंडलं काढून समोर ठेवायचा. "ही केळीचे घड बांधायला, उन्हात टिकते. ही खाट विणायला, अंगाला टोचत नाही. कोणती देऊ?" मी आपोआप सांगून टाकायचो, "खाटेला." मला कोणी काही विचारलं असं कधी वाटलंच नाही.

मी तशीच दोन बंडलं मेसेजमध्ये ठेवली:

'नमस्कार. टी.सी.ची मागणी मिळाली. ती दोन प्रकारे देता येते. एक, तुमच्या बारावीच्या टी.सी.ची सहीशिक्क्याची प्रत. ही कुठेही अर्ज भरायला, कागद तपासायला चालते आणि इथला प्रवेश तसाच राहतो. दोन, आमच्या कॉलेजची मूळ टी.सी. ही दुसरीकडे प्रवेश पक्का करताना लागते आणि ती घेतली की इथला प्रवेश रद्द होतो. कुठे द्यायची आहे तेवढं कळवलं तर बरोबर ती तयार ठेवतो. कळवायचं नसेल तर नुसतं एक किंवा दोन लिहा. जी सांगाल ती मिळेल.'

नानांनी मेसेज दोनदा वाचला. "एवढं मोठं? माझ्या लग्नाची बोलणी एवढ्या शब्दांत झाली नव्हती." पण पाठवू नको म्हणाले नाहीत.

निळ्या खुणा आल्या आणि पुढे काहीच नाही. वाटलं, हीही पळाली. जेवणाच्या सुट्टीनंतर फोन वाजला.

'एक.'

थोड्या वेळाने, 'नंबर लागला तर दोन.'

आणि मग सगळं एकदम आलं, 'सर नर्सिंगचा फॉर्म भरतेय. होस्टेलच्या मुली म्हणाल्या कॉलेजला सांगू नको, सोडून जातेय कळलं तर टी.सी. अडवतात. म्हणून नाही सांगितलं. मला वाटलं फॉर्मलाच मूळ लागते.'

मी सर नव्हतो, तिच्यापेक्षा एका वर्गाने पुढे होतो. पण ते सांगायचं राहून गेलं. फोन नानांपुढे धरला. त्यांनी मेसेज वाचला. मग स्वतः उठून कपाटातून तिची बारावीची टी.सी. काढली, झेरॉक्स केली आणि सही घ्यायला प्राचार्यांच्या केबिनबाहेर स्वतःच उभे राहिले. "पत्रिका काही येत नाही वाटतं," एवढंच पुटपुटले.

प्रत मी स्कॅन करून त्याच दुपारी पाठवली. पिंपळनेरच्या पुढून जळगावला यायची तिची खेपही वाचली.

नर्सिंगची पहिली यादी लागली आणि तिचं नाव त्यात नव्हतं. 'नाही लागला सर. सोमवारी कॉलेजला येते,' एवढाच मेसेज. सोमवारी ती खरंच आली. लॅबच्या पायऱ्यांवर मुलींच्या घोळक्यात मी तिला लांबून पाहिलं, पांढरा कोट हातावर टाकलेला. तिला बसायला बाक होता, हजेरीत नाव होतं. मूळ टी.सी. नेली असती तर दोन्हीकडून गेली असती. मी ऑफिसात परत आलो तेव्हा नाना काउंटरवर एका मुलाला सांगत होते, "बोनाफाईड दोन प्रकारचं असतं बेटा. बसला दाखवायचं की शिष्यवृत्तीला लावायचं?" मी आत आलेलो पाहून त्यांनी घसा खाकरला आणि रजिस्टर उघडलं.

त्यानंतर कितीतरी दिवस काहीच कळलं नाही. फोन वाजला की मी आधी नंबर बघायचो. एका सकाळी पांढऱ्या टोपीचा फोटो स्क्रीनवर आला. मेसेज नव्हता, फोन होता. पलीकडून अहिराणीत खणखणीत, आनंदाचा आवाज आला:

"भाऊ, टी.सी.नं काम करणारा तूच का? मनी पोरना नंबर लागी गया. धुळाले, नर्सिंगले. ती म्हणस, आते दोन नंबरनी दे."