आयकराचा परतावा आणि आमचे भाऊसाहेब

आयकर कार्यालयाचं पत्र शाळेत आलं तेव्हा मी नववीच्या मुलींना गृहपाठ न केल्याबद्दल फैलावर घेत होते. शिपायानं लिफाफा दिला, मी उघडला, आणि रागावणं अर्धवट टाकून वाचतच राहिले. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. बाईंनी रागावणं मध्येच सोडलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

इंग्रजी पत्र, खाली साहेबाची सही. मला मागच्या वर्षी मिळालेला परतावा चुकून दिला गेला आहे, तो सगळा परत का घेऊ नये, हरकत असेल तर लेखी कळवा आणि अमुक दिवशी समक्ष या. सरकारला फसवलं म्हणून नोकरी जाईल, पेपरात नाव येईल, सासरमाहेरचे लोक तोंडावर कीव करतील आणि पाठीमागे हसतील. दहा मिनिटांत मी तुरुंगापर्यंत पोचले होते.

झालं होतं ते असं. वर्षाच्या मध्यात संस्थेनं माझी साताऱ्याहून सांगलीला बदली केली. साताऱ्याच्या शाळेनं निघताना तिथं कापलेल्या कराचा दाखला दिला. मार्चनंतर सांगलीच्या शाळेनं दिला तो अख्ख्या वर्षाचा, म्हणजे साताऱ्याची कपात त्यात आलेलीच होती. संस्था एकच ना! पण आम्हा मास्तर लोकांना एक खोड असते. कागद हातात आला की अर्जाला जोडायचा, एखादा कमी पडायला नको. मी विवरणपत्राला दोन्ही दाखले जोडले आणि आयकर कार्यालयातल्या कोणीतरी दोन्हींची बेरीज केली. साताऱ्याचा कर दोनदा धरला गेला. पैसे आले, तेव्हा मला वाटलं, विम्याच्या हप्त्याची सूट मिळाली. एवढे कसे, हे विचारायची बुद्धी झाली नाही. खोटं कशाला बोलू, विचारायचंच नव्हतं.

घरी हे म्हणाले, "तू कशाला अंगावर घेतेस? दाखला क्लार्कनं लिहिला ना? मग त्याचं नाव सांग आणि मोकळी हो."

आमच्या शाळेचे क्लार्क तासगावकडचे. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. निवृत्तीला पाच महिने उरले होते. पत्र दाखवलं तर त्यांचाही चेहरा उतरला. "बाई, दाखला म्या लिवलाय. माझी चूक निघाली तर संस्था पेन्शन अडवंल. लय वाईट हाईत ते लोक." मग थोड्या वेळानं त्यांनीच कागद पुढे ओढला. "आवं, पण भ्यायचं न्हाई. उत्तर तर द्यायलाच पायजे."

शाळा सुटल्यावर आम्ही दोघांनी उत्तर लिहिलं. साताऱ्याची रक्कम दोनदा धरली गेली हे मान्य, ती भरते. पण विम्याच्या हप्त्यामुळे मिळालेला परतावा माझ्या हक्काचा आहे, तेवढ्याला हरकत. हप्त्याच्या पावत्या सोबत. टंकलेखन भाऊसाहेबांनी केलं, दोनदा तपासलं आणि पोच घ्यायला बजावलं.

बोलावलेल्या दिवशी आयकर कार्यालयात साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी उत्तराची प्रत पुन्हा पुन्हा वाचत बसले. आत गेले. साहेब चष्म्यातून फाइल वाचत होते. त्यांनी नुसतं विचारलं, "हे दोन दाखले..." आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी बोलून गेले, "साहेब, ते आमच्या क्लार्कनं लिहिलंय. त्यांचीच चूक आहे. मला त्यातलं काही कळत नाही."

वर त्यांचं नावही सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

साहेबांनी मान वर केली. "क्लार्कचा दाखला बरोबरच आहे हो. त्यांनी वर्षाची कपात लिहिली, तशीच लिहायची असते. तुम्ही दोन्ही जोडले आणि बेरीज आमच्याकडून चुकली. तुम्ही काही लपवलेलं नाही, मग दंड कसला?" विम्याची हरकत त्यांनी मान्य केली. दुरुस्तीचा आदेश आणि मागणीची नोटीस पोस्टानं येईल, मिळाल्यापासून पस्तीस दिवसांत बँकेत चलनानं पैसे भरा, म्हणाले. मग फाइल मिटताना हळूच म्हणाले, "उत्तर मात्र चांगलं लिहिलंत. कोणी लिहिलं?"

"मीच," मी म्हणाले.

बाहेर आले तेव्हा जीव भांड्यात पडायला हवा होता. नोकरी वाचली, नाव वाचलं. मला मात्र कोणीतरी मागून हाक मारेल असंच वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब शाळेच्या फाटकातच उभे होते. रात्रभर झोपले नसावेत. "काय झालं, बाई? माझं नाव तर न्हाई ना निघालं?"

"नाही," मी म्हणाले. "तुमचा विषयच आला नाही."

त्यांनी हात जोडले. म्हणाले, "तुमी सांभाळून घेतलंसा, बाई. मला ठावं होतं."