अस्तराखाली दडवलेली बटणं

वहिनी माझ्याहून वयानं दोन वर्षांनी लहान आणि नात्यानं मोठी. त्यामुळे भांडणात कोणी कोणाचं ऐकायचं, हे आमच्यात कधी ठरलंच नाही. भाऊ गेल्यावर तिनं पुढच्या खोलीतल्या एका शिलाई मशीनवर घर चालवलं. बाई धीराची. म्हणूनच तिला घाबरलेली पाहिलं तेव्हा माझाही धीर सुटला.

निमित्त माझाच खांदा. तो मोडला तेव्हा हॉस्पिटलातला झगा घालताना मी जीव खाऊन ओरडत असे. वहिनीनं घरी येऊन वेगळाच झगा शिवला. बाही गळ्यापासून मनगटापर्यंत उघडी, वरून कापडाची पट्टी आणि टिचबटणं. घालताना हात इंचभरही हलवावा लागत नसे. ओळखीपाळखीत तिनं असे डझनभर शिवून दिले. मग हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंचा निरोप आला: नमुना आणा, पसंत पडला तर चाळीस घेऊ.

त्या दिवसापासून वहिनीला नक्कल होण्याची धास्ती. हॉस्पिटलला गणवेश पुरवणाऱ्याकडे बारा मशीनं होती. त्यानं झगा एकदा पाहिला की संपलं. तिनं भरदुपारी खिडकी लावून शिवायला सुरुवात केली. कापड बेतायचे कागदी नमुने, तिचे 'कापे', पिठाच्या डब्यात ठेवले. दारावर कोणी आलं की हातातलं कापड पोटाशी धरून बसे.

"वन्सं, माझ्याकडे आहे काय दुसरं?" ती म्हणाली. त्या एका दिवसात तिनं तीन सुया मोडल्या.

मी तिला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे नेलं. ती वकील.

"नुसत्या कल्पनेला कुलूप लागत नाही, मावशी," ती म्हणाली. "नमुन्याची नोंदणी होते, पण ती लोकांपुढे यायच्या आधी करायची. तुम्ही तर डझनभर वाटून मोकळ्या झालात. आता जे झगा उसवूनही दिसत नाही, तेवढंच जपा."

"उसवून काय दिसत नाही?" वहिनीनं विचारलं.

"ते तुम्हाला ठाऊक. मला साधं बटण लावता येत नाही."

घरी येऊन वहिनीनं यातून सोयीचं तेवढं घेतलं. दिसू द्यायचं नाही ना? तिनं सगळ्या टिचबटणांवर अस्तर शिवून टाकलं आणि कॉलरखाली हात शिरेल एवढीच फट ठेवली. तिथून हात घालून बटणं सोडायची. मला सांगितलं असतं तर मी तिथेच कात्री चालवली असती.

मेट्रनबाईंनी वॉर्डातला एक म्हातारा रुग्ण निवडला. खांद्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. वहिनीनं सगळ्यांकडे पाठ करून झगा त्याला स्वतः घातला. दाराशी गणवेशवाला गठ्ठा घेऊन उभा होता. त्याला पाहताच तिनं माझा दंड असा दाबला की नखं रुतली.

तेवढ्यात झग्यावर लाल ठिपका उमटला. बघता बघता तो तळहाताएवढा झाला.

"टाके सुटले. उघडा लवकर," मेट्रनबाई म्हणाल्या. नर्सनं बाही चाचपली. उघडायला जागाच सापडेना. तिनं ओढलं, म्हातारा कळवळला. "अहो, हे उघडतं कुठून?"

वहिनीची नजर दाराकडे. मी तिला गदागदा हलवलं.

"वहिनी, माणूस आहे तो!"

मग ती भानावर आली. अस्तराची कड दातांत धरून तिनं टर्रकन फाडली. टचटच सगळी बटणं सुटली, अख्खा खांदा मोकळा झाला. नर्सनं जखमेवर घडी दाबून धरली आणि म्हाताऱ्यानं हातही न हलवता डॉक्टर येईपर्यंत कळ काढली.

रक्त थांबल्यावर मेट्रनबाई वळल्या. "दडवायचंच होतं तर आणलंत कशाला?"

"चुकलं माझं," वहिनी म्हणाली. ओठाला दोरा चिकटलेला. "अस्तर नसलेला आणते. कोणी बघितला तरी चालेल."

"परवा आणा. मी स्वतः उघडून बघेन."

गणवेशवाल्यानं सगळं पाहिलंच होतं. जिन्यात त्यानं गाठलं. "पट्टी झकास बसवलीय, काकू. पण इथली धुलाई म्हणजे उकळतं पाणी. कापड आक्रसलं की बटणं तटातट सुटणार. आक्रसण्यापोटी तुम्ही जादा कापड किती सोडता?"

झगा उसवूनही दिसत नाही ते हेच, हे वहिनीला तेव्हा उमगलं. कोणतं कापड उकळत्या पाण्यात किती आक्रसतं, हे तिनं वर्षानुवर्षं तुकडे धुऊन, मोजून एका वहीत लिहिलं होतं. ती वही कपाटावर, खडूच्या डबीखाली उघडी पडलेली. पिठाच्या डब्यात होते ते कापे.

"सोडते अंदाजानं," ती म्हणाली.

रस्त्यात ती दर दहा पावलांवर मागे बघत होती.

"वन्सं, चला ना लवकर," ती म्हणाली. "वही कपाटावरच राहिलीय."