अठरा पानांचा फरक

ग्रंथालयातल्या ताईंनी विभागप्रमुखांच्या पुस्तकासाठी अकरा महिने डोळे फोडले. एकूण एक पान तपासलं, तळटिपा जुळवल्या. पुस्तक छापून आलं तेव्हा ऋणनिर्देशात प्रमुखांच्या ड्रायव्हरचंही नाव होतं, ताईंचं नव्हतं. वर प्रकाशन समारंभात कुणी ताईंबद्दल विचारलं तर प्रमुख हसून म्हणाले, "त्या बाईंनी फक्त बटणं दाबली हो."

ते वाक्य ताईंच्या जिव्हारी लागलं. त्यांनी मनात डूख धरला.

महिन्याभरात प्रमुखच त्यांच्या टेबलाशी आले. "संचालकांना बैठकीत पुस्तक दाखवायचंय. पीडीएफ एकच आहे, प्रकरणागणिक वेगळ्या फाइली करा. अनुक्रमणिकेतले आकडे घाला, झालं."

"सर, छापील पान एक म्हणजे फाइलमधलं एकोणिसावं. आधी मुखपृष्ठ, प्रस्तावना, अनुक्रमणिका अशी अठरा पानं आहेत. प्रत्येक आकड्यात अठरा..."

"मला शिकवू नका. सांगितलंय तेवढं करा."

"मग आकडे लिहून सही करून द्याल?"

त्यांनी चिठ्ठीवर झरझर आकडे खरडले आणि खाली ऐटीत सही ठोकली.

ताईंनी प्रत्येक आकडा जसाच्या तसा टाकला. शेवटचं प्रकरण: ३८१ ते ४१२. बटण दाबताना त्यांना फार दिवसांनी गोड वाटलं.

बैठकीत पडद्यावर शेवटची फाइल उघडली. सुरुवातीलाच आदल्या प्रकरणाचं मधलंच पान आलं. प्रमुख घाईघाईने खाली सरकत गेले. ज्या समारोपाची ते आठवडाभर टिमकी वाजवत होते, तो कुठेच नव्हता. छापील पान ३९४ वर, अर्ध्या वाक्यात, फाइल संपली. पुढची अठरा पानं कुठल्याच फाइलीत गेली नव्हती.

"या बाईंनी घोळ घातला," प्रमुख म्हणाले.

ताईंनी चिठ्ठी संचालकांपुढे ठेवली आणि अठरा पानांचा फरक सांगितला. संचालकांनी ती दोनदा वाचली. "तुम्ही यांना सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. पुरतं ऐकून घेतलं नाही."

ताईंनी तिथेच प्रत्येक आकड्यात अठरा मिळवले, शेवटचं प्रकरण ३९९ ते ४३० केलं आणि पंधरा मिनिटांत सगळ्या फाइली नीट करून दिल्या. प्रमुखांचं तोंड उतरलं होतं. ताईंनी ते डोळे भरून पाहिलं.

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "बैठकीच्या आधी एकदा परत सांगायचं होतंस. चारचौघांत माणसाची लाज काढलीस."

"काढली."

"वाईट नाही वाटत?"

ताईंनी खरोखरच विचार करून पाहिला. "नाही," त्या म्हणाल्या. "उलट थोडक्यात आटपलं, याचंच वाईट वाटतंय."

दुसऱ्या दिवशी, ताईंच्या अकरा महिन्यांच्या कामाचं कळल्यावर, संचालकांनी पीडीएफमधलं ऋणनिर्देशाचं पान नव्याने करायला सांगितलं. ताईंनी आपलं नाव स्वतःच टाइप केलं, ड्रायव्हरच्या वर.