हळदीच्या नावाखाली अंबूची ओवी

उज्ज्वला माझी चुलत जाऊ. आमच्या निमगाव सावा गावात लग्नाच्या कॅसेटी जोडायचं काम करणारी ती एकटीच बाई. आधी दोन व्हीसीआर एकमेकांना वायरनं जोडून करायची, मग दिराचा जुना कॉम्प्युटर आला तशी त्यावर करायला लागली. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकली. नवरीच्या मामाचं डोकं मधे आलेलं कापायचं कुठं आणि अक्षता पडतानाचं ठेवायचं किती, हे तिला बरोबर कळतं. तिचा एकच दोष. कागदावर लिहिलेलं असलं की ती देवाचा शब्द मानते. मला हे वहीत लिहावं लागतंय ते या दोषामुळंच. देवासमोर बसले तरी चार दिवस माझा राग उतरला नाही.

नारायणगावात सुदर्शनचं फोटोचं दुकान आहे. गेल्या वर्षी, म्हणजे २००८ ला, त्यानं इंटरनेटवर स्वतःचं चॅनल काढलं. लग्नं, जत्रा, बायकांची गाणी. उज्ज्वलानं घरी जोडून सीडी करायची आणि दर गुरुवारी दुकानात जाऊन त्याच्या कॉम्प्युटरवरून चढवायची. नाव आणि खालची माहिती तिनंच लिहायची. ती कशी लिहायची, याचा एक कागद सुदर्शननं तिला दिला होता. तिनं तो भिंतीवर पिठानं चिकटवला. मी तिच्याकडं गेले की तो डोळ्यासमोर यायचाच, म्हणून पाठ झाला:

नाव इंग्रजी अक्षरांत लिहावे, लोक तसेच शोधतात. पहिला शब्द हळद, लग्न किंवा जत्रा. यादीत मागचे शब्द कापले जातात, त्यामुळे कामाचा शब्द पुढे. गाणारीचे नाव टाकू नये, तिला कोण शोधतो? मरण, दुःख असले शब्द कुठेही नकोत, माणूस बंद करून पुढे जातो. माहितीच्या पहिल्या ओळीत दुकानाचा फोन, कारण तेवढीच ओळ दिसते, बाकीची दाबल्यावर उघडते. शंका आली तर हळद.

बायडाबाईला कॅमेऱ्यासमोर मीच बसवलं. खोटं कशाला लिहू? ती डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या गावची. दर साल कांदे काढायला आमच्या वावरात येते. गळा असा, की आसपासच्या गावांत हळद दळायची असली तर जात्यावर तिला बोलावतात. तिच्या अंबूची ओवीही तिनं माझ्याच सांगण्यावरून म्हटली. अंबू तिची लेक, पहिल्या बाळंतपणात गेली. 

हळद दळीते गं बाई, पिवळं झालं हात
लेकीच्या घरात आता, कुणी लावीना वात

म्हणताना तिचा आवाज दोनदा फाटला. मी उज्ज्वलाला बजावलं होतं, ही हळदीच्या गाण्यांत घालू नको, वेगळी ठेव. ती "व्हय अक्का" म्हणाली होती.

मे महिन्यात राजुरीला साळुबाईंच्या नातवाची हळद होती. बायडाबाईला दळायला बोलावलं होतं, मीही गेले होते. दळण झालं, पोरगा पाटावर बसला आणि मांडवातल्या पोरांनी स्पीकर लावला. सायबर कॅफेतून हळदीची गाणी उतरवून सीडी केली होती त्यांनी. दोन गाणी झाली. तिसरी बायडाबाई. अंबूची ओवी.

पोराच्या गालाला हळद लावणारा साळुबाईंचा हात तिथंच थांबला. सगळा मांडव ऐकत होता. "कुणी लावीना वात" आलं आणि साळुबाई ओरडल्या, "बंद करा ते! मेलेल्याचं गाणं माझ्या मांडवात?"

आवाज ओळखायला कुणाला वेळ लागतो? सगळ्या बायका बायडाबाईकडं वळल्या.

"तुझाच गळा ना गं?" साळुबाईंनी विचारलं. "लाज न्हाई वाटली, असलं हळदीचं म्हनून द्यायला?"

"म्या न्हाई दिलं आजी. म्या माज्या लेकीसाठी म्हनलं व्हतं."

"मंग हितं कसं आलं? पुन्यांदा आमच्या जात्याला हात लावू नको."

बायडाबाईनं हाताची हळद पदराला पुसली आणि ती मांडवाबाहेर गेली. मी मागं धावले. ती एवढंच म्हणाली, "ताई, माज्या लेकीला त्यांनी नाचायला लावलं."

लग्न पार पडलं आणि चौथ्या दिवशी सकाळीच मी उज्ज्वलाच्या दारात.

"काय नाव दिलंस गं त्या ओवीला?"

तिनं वही काढली. "हळद स्पेशल, धमाल ओवी."

"धमाल? तुला कान न्हाईत?"

"अक्का, कागदात मरण लिहू नको म्हनलंय. लेकीचं नाव घालता येईना. मला शंका आली. शंका आली तर हळद." आणि गाण्यात हळद होतीच की, असंही वर म्हणाली.

मी तिला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, पांडुरंगाच्या फोटोखाली बसून लिहितेय. ती रडली. मग उठून तिनं भिंतीवरचा कागद ओढला. पिठानं चिकटवलेला, मातीसकट निघाला. "चला," म्हणाली.

मी मात्र आधी बायडाबाईला बरोबर घेतलं आणि राजुरीला जाऊन साळुबाईंना गाडीत घातलं. त्या येईनात. "त्या बाईच्या शेजारी मी बसायची न्हाई." मी म्हटलं, नका बसू, पुढं बसा, पण अपशकुन कुणी केला ते डोळ्यांनी बघा.

दुकानात आम्ही चौघी उभ्या राहिलो. सुदर्शनला वाटलं, लग्नाचे फोटो न्यायला आलो.

"या आजी, अल्बम तयारच आहे."

"अल्बम ठेव तिकडं," साळुबाई म्हणाल्या. "ही म्हनती ते वाच."

उज्ज्वलानं कागद वाचून दाखवला. एक ओळ गाळली नाही. "गाणारीचे नाव टाकू नये, तिला कोण शोधतो" वाचलं तेव्हा बायडाबाई त्याच्याकडं बघत होती. तो खाली बघत होता.

"आजी, हे सगळं लोकांनी बघावं म्हणून असतं. हा बघा आकडा, सगळ्यांत जास्त हीच ओवी बघितलीय," तो म्हणाला.

"बघितली का फसली?" साळुबाई कडाडल्या. "माझ्या नातवाच्या हळदीला तू मयत आनलंस, आनि मी या गरिबाच्या तोंडाला काळं फासलं!"

सुदर्शन म्हणाला, काढून टाकतो, भानगड नको. तेव्हा बायडाबाई पहिल्यांदा बोलली. "काढू नगं. तेवढाच माज्या अंबूचा आवाज हाय."

"आवाज तुझा आहे, मावशी."

"माजा असंल. पर हाय तिचा."

उज्ज्वला कॉम्प्युटरसमोर बसली. व्हिडिओ पुन्हा चढवायला लागत नाही, म्हणाली, नाव तेवढं बदलून जतन केलं की झालं. तिनं लिहिलं: अंबूची ओवी, म्हणणार आई बायडाबाई. माहितीच्या पहिल्या ओळीतला फोन खाली ढकलला आणि वर लिहिलं, ही मेलेल्या लेकीची ओवी आहे, हळदीला लावू नये.

"अशा नावानं कुणी बघणार नाही हे," सुदर्शन म्हणाला. "आणि उज्ज्वलाताई, पुढच्या गुरुवारपासून येऊ नका."

"तुमचा कागद घ्या," ती म्हणाली. मातीसकट तसाच काउंटरवर ठेवला.

बायडाबाईला वाचता येत नाही. मी तिला पडद्यावरचं वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. 

राजुरीच्या मांडवातल्या सीडीच्या नकला मात्र आणखी तीन घरी गेल्यात, असं साळुबाईंचा नातू म्हणतो. त्यांच्यावर अजून धमालच लिहिलेलं आहे. साळुबाई काल स्वतः त्या परत आणायला निघाल्या, गाडीत बायडाबाईला पुढं बसवून.