काडीदादांचा तिसरा परिच्छेद

माणूस सरळ असावा, पण इतका? आमचे काडीदादा इतके सरळ होते की व्हिसाच्या साहेबालासुद्धा त्यांनी मनातलं सगळं लिहून कळवलं आणि साहेबाने नकार हातात ठेवला.

काडीदादा म्हणजे माझ्या समोरच्या गाळ्यातले चष्मेवाले. मोडलेल्या चष्म्याला नवी काडी बसवून द्यायची, म्हणून नाव काडीदादा. उभ्या जन्मात कुणाच्या संसारात काडी घातली नाही, म्हणूनही असेल. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहायचे. माझं अर्ज भरून देण्याचं दुकान. आमच्या ह्यांनी सुरू केलेलं, ते गेल्यावर मी चालवते. त्यामुळे मी सगळ्या बाजाराची वहिनी. तोंडाने फटकळ आहे, ते मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको.

तर काडीदादा एका दुपारी नकाराचा कागद घेऊन आले. परदेशात त्यांची अक्का. आई लवकर गेली तेव्हा अक्काने यांना वाढवलं, स्वतःचं लग्न लांबवलं. आता ती थकली होती आणि तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. तिने एकच मागितलं होतं, की त्याआधी माझ्या भावाला एकदा बघू दे. आणि या शहाण्याने मला न विचारता स्वतःच अर्ज केला होता.

मी अर्जासोबतचं पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. त्यांनी लिहिलं होतं, ‘साहेब, अक्काशिवाय मला या जगात कोणी नाही. माझं इथे काहीच नाही. कृपा करून मला तिच्याकडे जाऊ द्या.’

‘अहो, हे काय लिहिलंत?’ मी म्हणाले. ‘याचं इथे काही नाही, मग हा परत कशाला येईल, असंच साहेब म्हणणार ना?’

‘पण ते खरंच आहे, वहिनी,’ ते म्हणाले.

मला राग आला, आणि त्या रागाच्या खाली कुठेतरी गलबलूनही आलं. मी त्यांना बसवलं आणि समजावलं. साहेबाला तीन गोष्टी हव्या असतात. का चाललात, पैसे कुठले, आणि परत का याल. पहिलं सोपं होतं. अक्काचं आमंत्रणाचं पत्र, इस्पितळाने दिलेली शस्त्रक्रियेची तारीख, जाण्यायेण्याच्या तारखा. आधी नकार मिळाला होता हेही लपवायचं नव्हतं, लपवलं की पुढचं सगळंच खोटं ठरतं.

दुसऱ्यात मात्र घोळ निघाला. खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी एक मोठी रक्कम आली होती. मी खडसावून विचारलं तेव्हा कळलं की शेजारच्या गादीवाल्याने प्रेमापोटी टाकली होती, खातं जरा भरलेलं दिसावं म्हणून. मी गादीवाल्याला बोलावून त्याची हजेरी घेतली. बिचारा म्हणाला, चांगलंच करायला गेलो होतो. करायला गेला गणपती आणि झालं माकड! ती रक्कम त्याला परत करायला लावली आणि पत्रात सरळ लिहिलं, की ती मित्राने टाकली होती, आता परत केली आहे, प्रवासाचा खर्च माझ्या दुकानाच्या बचतीतून आहे, आणि राहणंजेवण बहिणीकडे. सोबत कर भरल्याच्या पावत्या जोडल्या.

मग आला तिसरा परिच्छेद आणि आमची गाडी अडली. मी विचारत गेले. बायको? नाही. मुलं? नाही. जमीन, घर? नाही. ते मान खाली घालून नाही नाही म्हणत होते, आणि ते बघून माझाच जीव कासावीस झाला. मी वैतागून म्हणाले, ‘मग उद्या तुम्ही दुकान उघडलं नाही तर कुणाचं अडेल, तेवढं तरी सांगा.’

ते विचारात पडले. म्हणाले, शाळेचं काम घेतलंय, पुढच्या महिन्यात मुलांचे चष्मे द्यायचेत, त्यांनी आगाऊ पैसे दिलेत. गाळ्याचा करार आत्ताच पाच वर्षांसाठी वाढवलाय. मी लिहीत गेले. आणि मग हळूच म्हणाले, ‘घरमालकीणबाईंच्या डोळ्यांत थेंब घालावे लागतात. काचबिंदू आहे. त्यांचा हात थरथरतो, दुसऱ्या कुणाकडून घालून घेत नाहीत.’

मी लिहिणं थांबवलं. समोरासमोर दुकानं, इतकी वर्षं झाली आणि मला हे माहीत नव्हतं.

थेंबांवर व्हिसा मिळत नसतो, हे मला कळतं. वजन पडतं ते कराराचं आणि करपावत्यांचं. तरी मी ते लिहिलं, कारण खरं होतं. म्हातारबाईंकडे गेले, तर त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी काढून दिली आणि खाली आपली वाकडीतिकडी सही केलेलं पत्रही दिलं, की हा माझ्या घरचाच आहे, मी त्याची वाट बघते आहे. मग प्रश्न आला, काडीदादा गेल्यावर थेंब कोण घालणार? साहेब विचारो न विचारो, लिहायला तर हवं. म्हणून मीच माझं नाव घातलं. ‘माझ्या गैरहजेरीत समोरच्या दुकानातील बाई हे काम करतील, आणि आल्यावर मी.’

नवा अर्ज गेला. पत्राची एक प्रत अक्कालाही पाठवली, कारण तारखा आणि खर्च तिच्या पत्राशी जुळायला हवेत. काडीदादा व्हिसाच्या केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो देऊन आले. मग पासपोर्टचं पाकीट आलं, ते माझ्या दुकानातच फोडलं. व्हिसाचा शिक्का होता. गादीवाल्याने सगळ्यांना चहा पाजला आणि मला वाटलं, झालं माझं काम.

काडीदादा गेले आणि मी म्हातारबाईंचे थेंब घालू लागले. बाई म्हणायच्या, तुझा हात जड आहे, त्याचा हलका होता. ऐकून घेतलं.

तिकडून काडीदादांचा फोन आला तो रडवेला. अक्का शस्त्रक्रियेतून उठली नाही. भाचे म्हणाले, मामा, मुदत वाढवून मागू, राहा आमच्याकडे. पण काडीदादा ठरल्या दिवशी परत आले.

आल्यावर आधी म्हातारबाईंकडे गेले, मग माझ्याकडे. दारातच उभे राहिले. सांगू लागले, की इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी अक्काने ते पत्र काढलं आणि तिसरा परिच्छेद त्यांना मोठ्याने वाचायला लावला. एकदा वाचून झालं, तर पुन्हा वाच म्हणाली. मग म्हणाली, ‘मी गेल्यावर तुझं कोणी नाही, या काळजीने मला इतकी वर्षं झोप नव्हती रे. तुझं तर तिथे सगळं आहे. आता मी सुखाने आत जाते.’

मी साहेबासाठी पत्रं लिहिते. त्यातलं एखादं दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

‘आणि तुमच्यासाठी निरोप आहे,’ काडीदादा म्हणाले. ‘दुकानातून फोन केला की तुमचा आवाज मागून ऐकू यायचा ना तिला. म्हणाली, त्या बाईंना सांग, लहानपणी याच्यावर मी ओरडायचे, आता त्यांनी ओरडत राहावं.’

माझे डोळे भरून आले. ते आपले दारात उभेच, दोन दिवसांच्या प्रवासाने सुकलेले. मी डोळे पुसले आणि जोरात ओरडले, ‘मग उभे काय राहिलात? आत या, बसा, आणि सकाळपासून काही खाल्लंय की नाही ते सांगा आधी.’